'बघू', 'ट्राय करतो' आणि खरी हजेरी

व्हॉट्सॲप ग्रुपवर "रविवारी राजगड, कोण कोण येतंय?" असं टाकल्यावर जे अर्धेमुर्धे होकार येतात त्यावरून गाडीत खरंच किती जण बसतील हे काढायची ही पद्धत. ट्रेक ठरवणाऱ्याला हा आकडा आधीच लागतो, कारण गाडी १३ सीटर सांगायची की १७, आणि खाली गुंजवण्यात किती जणांचं जेवण सांगून ठेवायचं, हे रविवारी पहाटे ठरवून चालत नाही.

तोंडावर 'नाही' म्हणायला जड जातं म्हणून बरेच जण 'बघू' लिहितात, तेव्हा नुसत्या शब्दाकडे न बघता त्याच्या पुढेमागे काय लिहिलंय ते बघायचं. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे प्रश्न. "ट्राय करतो, स्वारगेटहून किती वाजता?" असं विचारणारा मनात निघालेला असतो. "ट्राय करतो 👍" एवढंच टाकून गप्प बसणारा बहुतेक येत नाही. वेळही महत्त्वाची, सोमवारचं 'बघू' खरंच न ठरलेलं असू शकतं पण शुक्रवारी रात्रीचं 'बघू' म्हणजे नाहीच धरा.

समजा बुधवारपर्यंत ७ 'येतोय', ४ 'ट्राय करतो' आणि ६ 'बघू' आलेत, म्हणजे कागदावर १७. 'येतोय'मधला एखादा ऐनवेळी गळतो, म्हणून ६ धरा. 'ट्राय'वाल्या चौघांतल्या दोघांनी निघायची वेळ विचारलीय, ते २ धरा, बाकीचे दोन सोडा. 'बघू'मध्ये दोघी मैत्रिणी आहेत, "ती आली तर मी" असं दोघीही म्हणतायत, त्यांना अर्धं अर्धं धरून १ करायचं नाही कारण त्या आल्या तर दोघी येतील नाहीतर कोणीच नाही. उरलेल्या चार 'बघू'मधून फार तर १. झाले ९, नाहीतर ११. म्हणजे १३ सीटर पुरते, आणि मैत्रिणींपैकी एकीला वेगळा फोन करून विचारलं की आकडा जवळपास पक्का होतो.

त्यानंतर गुरुवारी गाडीचे दोनशे रुपये ॲडव्हान्स मागायचे. पैसे पाठवणारा 'बघू'वाला 'येतोय'मध्ये जातो, आणि आठवण करूनही न पाठवणारा 'येतोय'वाला खाली घसरतो, मग तो कितीही जुना दोस्त असो. पोल टाकणार असाल तर त्यात 'मेबी'चा ऑप्शनच ठेवू नका, ठेवला की पक्के लोकसुद्धा तिथेच जाऊन बसतात.

ही पद्धत चालते ती ओळखीच्या ग्रुपमध्ये, जिथे कोणाचं 'बघू' म्हणजे हो असतं हे मागच्या ट्रेकवरून माहीत असतं. नव्या लोकांच्या बाबतीत ॲडव्हान्स सोडून दुसरं काही धरू नये. आणि जुलैमध्ये शनिवारी रात्री पाऊस कोसळायला लागला की पैसे भरलेलेही गळतात, त्यामुळे पावसाळ्यात जेवणाचा आकडा सांगताना एकदोन ताटं कमीच सांगावीत, जास्त लोक आले तर भाकरी वाढवता येते पण उरलेल्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात.