संबंधी सर्वनाम (मराठी)

मिश्र वाक्यातील गौण वाक्य मुख्य वाक्यातील नामाशी जोडणारे सर्वनाम. मराठीत हे काम ‘जो’ करतो आणि मुख्य वाक्यात त्याच्या जोडीला बहुधा ‘तो’ येतो : ‘जो आधी येईल तो पुढे बसेल.’ संस्कृतातील ‘यद्’–‘तद्’ या जोडीचीच ही मराठी रूपे आहेत.

सर्वनामाचे रूप ठरवताना दोन ठिकाणी पाहावे लागते. लिंग आणि वचन त्या नामाकडून येते, तर विभक्ती गौण वाक्यातील कामावरून ठरते. मुख्य वाक्यात त्याच नामाची विभक्ती कोणती, याच्याशी ‘जो’चा संबंध नाही. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ या म्हणीत माणूस एकच आहे, पण पहिल्या वाक्यात तो षष्ठीत आणि दुसऱ्यात चतुर्थीत आहे. ‘ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे’ या वाक्यात तर दोन संबंधी सर्वनामे आहेत आणि प्रत्येकाची जोडी वेगळी लागते.

प्रथमेची रूपे एकवचनात जो, जी, जे आणि अनेकवचनात जे, ज्या, जी अशी होतात. यात ‘जे’ आणि ‘जी’ दोन-दोन घरे सांभाळतात. ‘जे आले’ म्हटल्यावर एक मूल आले की अनेक पुरुष, हे त्या दोन शब्दांवरून सांगता येत नाही. ते संदर्भावरूनच कळते.

प्रत्यय लागताना पुल्लिंगी व नपुंसकलिंगी एकवचनात ‘ज्या-’, स्त्रीलिंगी एकवचनात ‘जि-’ आणि सर्व लिंगांच्या अनेकवचनात ‘ज्यां-’ होते : ज्याने, जिने, ज्यांनी, ज्याला, जिला, ज्यांना. हिंदीत ‘जिसने’, ‘जिसका’ ही रूपे दोन्ही लिंगांना चालतात. मराठीत तशी सवलत नाही, आणि हिंदी किंवा इंग्रजीवरून उतरवलेल्या मजकुरात चूक नेमकी इथेच सापडते. ‘शासनाने नवी योजना आणली, ज्याचा लाभ शेतकऱ्यांना मिळेल’ अशी वाक्ये जाहिरातींत आणि बातम्यांत सर्रास दिसतात. योजना स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून ‘जि-’. लाभ योजनेचा, म्हणून षष्ठी. आणि लाभ पुल्लिंगी एकवचनी, म्हणून प्रत्यय ‘चा’. शुद्ध रूप ‘जिचा लाभ’. लाभाऐवजी माहिती असेल तर ‘जिची माहिती’, फायदे असतील तर ‘जिचे फायदे’ आणि पुढच्या नामालाच प्रत्यय असेल तर ‘जिच्या लाभासाठी’. म्हणजे षष्ठीच्या रूपाचा सुरुवातीचा भाग मालकाच्या लिंग-वचनाने ठरतो आणि प्रत्यय मालकीच्या वस्तूच्या. योजनेऐवजी उपक्रम आला की हीच रूपे ‘ज्याचा’, ‘ज्याची’, ‘ज्याचे’, ‘ज्याच्या’ होतात.

नाम गौण वाक्यातच घेतले, तर हा गोंधळ बराच टळतो. तेव्हा सर्वनाम विशेषणासारखे वागते आणि पुढच्या नामाला प्रत्यय लागला की लिंग-वचन कोणतेही असो, एकच ‘ज्या’ पुरतो : ज्या मुलाने, ज्या मुलीने, ज्या मुलांनी. म्हणून ‘जिने हे चित्र काढले ती मुलगी’ आणि ‘ज्या मुलीने हे चित्र काढले ती’ ही दोन्ही वाक्ये बरोबर; ‘जि मुलीने’ असे मात्र होत नाही. ‘ज्या योजनेचा लाभ शेतकऱ्यांना मिळेल, ती योजना शासनाने आणली’ ही मराठीची जुनी, मुरलेली ठेवण आहे. नाम आधी सांगून पुढे ‘जो’ जोडण्याची रीत चुकीची नाही, पण प्रत्येक वाक्यात आली की मजकूर अनुवादासारखा वाटू लागतो.

तृतीयेत आणखी एक खाच आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो, म्हणून ‘जो पत्र लिहितो’ पण ‘ज्याने पत्र लिहिले’. बोलणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदे कर्म घेऊनही याला अपवाद ठरतात : ‘जी जर्मन शिकली’, ‘जो छत्री विसरला’. ‘ज्याने छत्री विसरली’ हे रूप कानांवर पडते, पण प्रमाण लेखनात ते बसत नाही. तपासायचे असेल तर सर्वनामाच्या जागी ‘तो’ किंवा ‘ती’ ठेवून साधे वाक्य म्हणून पाहावे. ‘तो छत्री विसरला’ म्हणतात, म्हणून ‘जो’. ‘तिने पत्र लिहिले’ म्हणतात, म्हणून ‘जिने’.

आदरार्थी उल्लेखात व्यक्ती एक असली तरी रूप अनेकवचनी होते. ‘ज्या बाई आम्हाला गणित शिकवत, त्या निवृत्त झाल्या’ यात ‘ज्या’ स्त्रीलिंगी अनेकवचनी प्रथमा आहे. तिथे ‘जी’ घातले की मुख्य वाक्यातल्या ‘त्या’शी मेळ बसत नाही.

बोलताना अनेकदा संबंधी सर्वनाम टाळून धातुसाधित वापरतात : ‘जी मुलगी काल आली ती’ऐवजी ‘काल आलेली मुलगी’. पण तुलनेच्या वाक्यात ही सोय नाही. ‘ज्याच्यापेक्षा मी उंच आहे तो मुलगा’ हे ‘-लेला’ लावून सांगता येत नाही; तिथे ‘जो’च लागतो.