‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ हे वाक्य प्रॉम्प्टमध्ये आलं कसं आणि गेलं का

जानेवारी २०२२ मध्ये गूगलमधल्या जेसन वेई आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भाषा-मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, काही गणितं नुसत्या उत्तरांऐवजी पायऱ्यांसह सोडवून दिली, की मोठं मॉडेल नव्या गणितातही पायऱ्या मांडतं आणि बरोबर उत्तरं खूप वाढतात. त्याच वर्षी मे महिन्यात टोकियो विद्यापीठातले ताकेशी कोजिमा आणि सहकारी आणखी पुढे गेले. सोडवलेली उदाहरणं न देता फक्त `Let's think step by step` एवढंच जोडल्यावर मल्टीअरिथ या गणितसंचावर अचूकता १७.७ वरून ७८.७ टक्क्यांवर गेली.

यामागचं कारण साधं आहे. मॉडेल एकेक टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, लिहीत जातं आणि प्रत्येक टोकनसाठी ठरावीकच आकडेमोड करतं. थेट उत्तर मागितलं तर लांबलचक आकडेमोडीला जागाच उरत नाही. पायऱ्या लिहिल्या की आधीचा मजकूर कच्च्या कागदासारखा कामी येतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ओपनएआयच्या `o1-preview` या मॉडेलला हा कच्चा कागद वापरण्याचं शिक्षण रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे चांगल्या प्रयत्नांना बक्षीस देत शिकवण्याच्या पद्धतीने, आधीच दिलेलं होतं. त्यामुळे सोबतच्या सूचनांमध्ये प्रॉम्प्ट सरळ आणि छोटा ठेवा, टप्प्याटप्प्याने विचार करायला सांगू नका, असं लिहिलेलं होतं. जानेवारी २०२५ मधल्या डीपसीक-आर१ या तशाच मॉडेलच्या शोधनिबंधाने त्यापुढची गोष्ट नोंदवली: सोडवलेली उदाहरणं दिली की या मॉडेलची कामगिरी घसरते, म्हणून प्रश्न आणि उत्तराचा साचा थेट सांगावा.

नुकसान कुठे होतं ते एका कल्पित उदाहरणात पाहू. सात व्याख्यानं तीन दालनांत बसवायची आहेत. जुन्या सवयीने आपण लिहितो: ‘आधी सर्वात लांब व्याख्यानं मोठ्या दालनात टाक, मग उरलेली.’ पण एका छोट्या व्याख्यानाचा वक्ता फक्त सकाळीच मोकळा आहे आणि त्याला मोठंच दालन हवं आहे. आपला क्रम पाळला तर सकाळचं मोठं दालन आधीच भरलेलं असतं. मागे फिरून मांडणी बदलणं अशा विचार करायला शिकवलेल्या मॉडेलला जमतं, पण आपणच ती वाट अडवलेली असते. क्रम गाळून सगळ्या अटी आणि हवा असलेला तक्ता सांगितला, तर ते स्वतः मांडून, मोडून पाहतं. माझ्या मते ‘छोटा प्रॉम्प्ट’ या सल्ल्याचा सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. गाळायची असते ती पद्धत. अट एकही गाळायची नाही.

असं शिक्षण न मिळालेल्या साध्या मॉडेलला मात्र ते जुनं वाक्य अजूनही उपयोगी पडतं. आणि एक गंमतीचा अपवाद: गणितासाठी टप्प्याटप्प्याने विचार करून अंतिम उत्तर `\boxed{}` या चौकटीच्या खुणेमध्ये द्यायला सांगा, असं खुद्द आर१ च्या वापर-सूचनांतच आहे.