प्लेट हीट एक्स्चेंजरमधलं फाउलिंग (दूध पाश्चरायझर)

डेअरीतल्या पाश्चरायझरमध्ये दूध स्टीलच्या पातळ नक्षीदार प्लेटांच्या मधून वाहतं आणि शेजारच्या फटीतून गरम पाणी जातं, अशा प्लेटांच्या गठ्ठ्याला प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणतात. प्लांटमध्ये सगळे नुसतं पीएचई म्हणतात. चालता चालता दुधाच्या बाजूने प्लेटांवर थर बसतो, तेच फाउलिंग. घरी दूध तापवताना पातेल्याच्या बुडाला लागतं ना, प्रकार तोच, फरक एवढाच की इथे फट तीन-चार मिलिमीटरची असते त्यामुळे थोडासा थरही लगेच प्रेशरमध्ये दिसतो.

पूर्ण पीएचईत थर सारखा बसत नाही. थंड दूध आधी रीजनरेशन सेक्शनमध्ये पाश्चराइज होऊन परत येणाऱ्या गरम दुधाकडून तापतं, मग हीटिंग सेक्शनमध्ये गरम पाण्यावर 72 अंशांच्या वर जातं (बऱ्याच ठिकाणी 76 ते 78 ठेवतात), होल्डिंग ट्यूबमध्ये किमान 15 सेकंद राहतं आणि परत फिरून थंड होतं. साधारण 65 ते 70 अंशांच्या पुढे दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे व्हे प्रोटीन उलगडायला लागतं आणि गरम प्लेटवर चिकटतं. कॅल्शियम फॉस्फेटचं आणखी उलटं आहे, ते तापल्यावर कमी विरघळतं, म्हणून तेही याच थरात जाऊन बसतं. म्हणजे मुख्य त्रास हीटिंग सेक्शन आणि रीजनरेशनच्या शेवटच्या गरम प्लेटांचा, चिलिंगच्या प्लेटा दुधाच्या बाजूने बऱ्यापैकी स्वच्छ निघतात. पाश्चरायझरमधला हा थर पांढरट, मऊ, स्पंजासारखा असतो आणि त्यात प्रोटीन जास्त. यूएचटी प्लांटमध्ये 110 अंशांच्या वर मात्र करडा, कडक, खरखरीत थर येतो जो बहुतेक खनिजांचाच असतो, त्याची धुलाई वेगळी.

थर किती लवकर बसेल हे दुधावर खूप अवलंबून आहे. आंबटपणाकडे झुकलेलं दूध, म्हणजे पीएच 6.5 च्या खाली गेलेलं, घेतलं की थर झपाट्याने वाढतो, आणि उन्हाळ्यात लांबच्या संकलन केंद्रावरून उशिरा पोचलेल्या दुधात हे नेहमीचंच आहे. म्हशीच्या दुधात प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त, त्यामुळे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, जिथे म्हशीचं दूध भरपूर येतं, तिथे गाईच्या दुधावर बसवलेलं वेळापत्रक डोळे झाकून उचलू नये. तिसरं कारण हवा. बॅलन्स टँकची पातळी खाली गेली किंवा सक्शनचा युनियन सैल असला की दुधात हवा ओढली जाते आणि गरम प्लेटवर बुडबुडा जिथे टेकतो तिथे थर आधी धरतो.

आता प्रेशर ड्रॉप, म्हणजे सेक्शनच्या आधीचं प्रेशर वजा नंतरचं. दुधाची फट समजा 4 मिमी आहे आणि दोन्ही बाजूंना फक्त 0.3 मिमी थर बसला तर फट 3.4 उरते, आणि फ्लो तेवढाच ठेवला तर प्रेशर ड्रॉप साधारण फटीच्या घनाच्या उलट प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ 60 टक्क्यांनी. प्रत्यक्षात थर इतका एकसारखा नसतो पण अंदाज यावा म्हणून हे गणित बरं.

गडबड होते ती फ्लो न बघता नुसता गेज वाचल्यामुळे. उदाहरणादाखल ताशी 10,000 लिटरचा प्लांट घ्या, धुतल्यानंतर हीटिंग सेक्शनचा ड्रॉप 0.8 किलो (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ऑपरेटर नुसतं किलोच म्हणतात). आठ तासांनी लॉगबुकात 1.2 लिहिलंय आणि प्लांटने मर्यादा 1.3 ठेवलीय, म्हणून वाटतं अजून चालेल. पण फीड पंपाला मागचं प्रेशर वाढल्यामुळे फ्लो 9,200 वर आलाय. ड्रॉप फ्लोच्या साधारण 1.8 घातांकाने बदलतो, त्या हिशोबाने पूर्ण फ्लोला हाच ड्रॉप 1.4 च्या आसपास झाला असता, म्हणजे मर्यादा कधीच ओलांडली. त्याच वेळी गरम पाण्याचं तापमान बघा: सुरुवातीला दुधाचं 76 मिळवायला 78.5 चं पाणी पुरत होतं आणि आता कंट्रोलर 82 मागतोय, कारण थरातून उष्णता नीट जात नाही. पाणी जास्त गरम केलं की दुधाशी लागणारा पृष्ठभागही जास्त तापतो आणि थर अजून जोरात बसतो, म्हणून शेवटच्या दोन तासांत आकडे एकदम पळताना दिसतात. माझ्या मते फ्लो, ड्रॉप आणि गरम पाणी हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहिलेले नसतील तर ते लॉगबुक फारसं कामाचं नाही.

ड्रॉप वाढण्याचा आणखी एक धोका आहे. रीजनरेशनमध्ये प्लेटेच्या एका बाजूला कच्चं आणि दुसऱ्या बाजूला पाश्चराइज्ड दूध असतं, आणि प्लेटेला भोक पडलं तरी कच्चं दूध पलीकडे जाऊ नये म्हणून पाश्चराइज्ड बाजूचं प्रेशर कायम जास्त ठेवतात. हीटिंग सेक्शन तुंबल्यावर हा फरक कमी होत जातो.

वाढ कशी झाली त्यावरून कारण कळतं. हळूहळू वाढली तर थर. दहा मिनिटांत उडी मारली तर गॅस्केटचा तुकडा किंवा असलंच काहीतरी अडकलंय, फिल्टर बघा. पीएचई उघडून परत आवळल्यावर पहिल्या मिनिटापासूनच जास्त असेल तर गठ्ठा ठरलेल्या मापापेक्षा जास्त आवळलाय. दुधाचा ड्रॉप ठीक पण पाण्याच्या बाजूचा वाढलाय, तर ते जड पाण्याचं स्केल, त्याला दुधाच्या बाजूचं सीआयपी, म्हणजे प्लेटा न उघडता आतल्या आत सोल्युशन फिरवून केलेली धुलाई, काही करणार नाही.

मग ड्रॉप मर्यादेत आहे तोवर चालवत राहायचं का? तर नाही. रीजनरेशनमध्ये 40 ते 50 अंशांच्या पट्ट्यात स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलससारखे जंतू प्लेटांवर वाढत असतात, आठ-दहा तासांनंतर दुधातली संख्या चढायला लागते आणि गेजवर त्याचा मागमूसही नसतो. म्हणून वेळापत्रकात दोन अटी हव्यात: ड्रॉप मर्यादेला पोचला किंवा ठरलेले तास भरले, जे आधी होईल ते.

धुलाईचा क्रम असा: पाणी स्वच्छ निघेपर्यंत रिन्स, मग 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक 75-80 अंशांना 20-30 मिनिटं, परत पाणी, मग 0.8 ते 1 टक्का नायट्रिक 65 अंशांच्या आसपास 10-15 मिनिटं, शेवटी पाणी. प्रोटीन कॉस्टिकने सुटतं आणि खनिज आम्लाने, म्हणून कॉस्टिक आधी. "जरा स्ट्राँग मारा" म्हणत कॉस्टिक वाढवलं की फायदा होतोच असं नाही, कारण फार तीव्र कॉस्टिकमध्ये प्रोटीनचा थर फुगून जेलीसारखा घट्ट होतो आणि उलट हळू सुटतो. फ्लो मात्र दुधाच्या फ्लोपेक्षा कमी नको, शक्यतो दीडपट. तुंबलेल्या फटीतून सोल्युशन हळू जातं, म्हणून फार उशिरा घेतलेलं सीआयपी अर्धवट राहतं.

सीआयपी खरंच झालं का हे बघायला पाण्यावर ठरलेल्या फ्लोला ड्रॉप घ्यायचा आणि प्लेटा नव्या असतानाच्या आकड्याशी ताडायचा, कालच्याशी नाही. कालच्याशी ताडलं तर रोज थोडं थोडं वर सरकलेलं लक्षातच येत नाही. असं सरकताना दिसलं तर हीटिंग सेक्शनच्या प्लेटा उघडून मऊ ब्रशने हाताने धुवाव्या लागतात. तारेचा काथ्या अजिबात नको, आणि उघडलंच आहे तर गॅस्केटही तपासून घ्यावीत कारण नायट्रिक गरम असताना एनबीआर रबर कडक होऊन तडकतं.