सपोर्ट-रेझिस्टन्स झोन आणि भूमिकाबदल

भाव खाली येताना जिथे वारंवार सावरतो तो सपोर्ट आणि वर जाताना जिथे अडतो तो रेझिस्टन्स, एवढं चार्ट बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तुटलेला सपोर्ट पुढे रेझिस्टन्स होतो ही कल्पना बरेच जण सरसकट चार्ल्स डाऊच्या नावावर टाकतात, पण डाऊचा भर मुख्यतः सरासऱ्यांवर आणि ट्रेंडवर होता. सविस्तर मांडणी एडवर्ड्स आणि मगी यांच्या १९४८ च्या पुस्तकात मिळते, आणि एडवर्ड्स हा रिचर्ड शाबाकरचा मेव्हणा, त्याच्याच कामावर पुढे गेलेला, त्यामुळे मूळ १९३० च्या आसपासच्या शाबाकरकडे शोधणं जास्त पटतं.

एका रेघेऐवजी झोन का, याचं चांगलं उत्तर कॅरोल ऑस्लरच्या २००३ च्या अभ्यासात आहे. चलनबाजारातल्या खऱ्या ऑर्डरी तपासल्यावर दिसलं की नफा काढायच्या ऑर्डरी गोल आकड्यांवरच साचतात, स्टॉपलॉस मात्र त्या आकड्याच्या जरा पलीकडे. म्हणजे अडवणारे एका जागी आणि तुटल्यावर ढकलणारे थोडे पुढे, मग एकच रेघ कशी पुरणार?

समजा एका शेअरचे तळ १९८, २०१, १९९.५ आणि २०३ असे लागले. १९८ ला फक्त कॅन्डलची विक, म्हणजे बारीक शेपटी, लागली होती, बाकी ठिकाणी बॉड्याही जवळपास थांबल्या. इथे २०० ची रेघ मारली तर १९८ ला "तुटला" म्हणाल आणि २०३ ला "पोचलाच नाही", म्हणून १९८ ते २०३ असा पट्टा धरायचा. रोजची सरासरी हालचाल ४ च्या आसपास असेल तर ५ ची रुंदी ठीक आहे, १५ चा झोन काढला तर त्यात काहीही बसतं आणि तो चुकीचा ठरूच शकत नाही.

आता भाव १९४ ला बंद झाला. पट्ट्यात घेतलेले सगळे तोट्यात अडकले, आणि तोट्यातला माल विकायला माणूस टाळतो (शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये यावर लिहिलंय), तो "घेतलेला भाव आला की सुटतो" म्हणत बसतो. भाव परत २०० ला आला की हेच लोक विकतात, शिवाय खाली विकायला न मिळालेलेही तिथेच शॉर्ट करतात, मग २०१.५ ची विक लागून कॅन्डल १९७ ला बंद होते. हाच भूमिकाबदल. उलट भाव २०३ च्या वर बंद होऊन टिकला तर ब्रेकडाऊन फसवा होता असं धरतात. आणि १९४ वर भाव महिनोन्‌महिने रेंगाळला तर अडकलेले बरेचसे कंटाळून निघून गेलेले असतात, तेव्हा जुना पट्टा पुसट होतो. स्प्लिटनंतर अॅडजस्ट न केलेल्या चार्टवर तर हे झोन निव्वळ भुतं असतात.