इलेक्ट्रॉनची उधारी: अल्फा लिपोइक ॲसिड आणि मधुमेहातली पायांची आग

गिनीपिगला, माणसासारखंच, क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. आहारातून ते काढून टाकलं की त्याला स्कर्व्ही होतो. १९५९ मध्ये रोझेनबर्ग आणि क्युलिक या संशोधकांनी दाखवून दिलं की अशा गिनीपिगना अल्फा लिपोइक ॲसिड दिलं तर स्कर्व्हीची लक्षणं आटोक्यात राहतात. ई जीवनसत्त्व तोडलेल्या उंदरांमध्येही तसाच परिणाम दिसला. लिपोइक ॲसिड हे क जीवनसत्त्व नव्हे आणि ई तर नाहीच. मग एकाच पदार्थाने दोघांची उणीव कशी भागवली? त्याने त्यांची जागा घेतली नव्हती. शरीरात जे थोडंफार क आणि ई शिल्लक होतं, तेच पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी सोय केली होती, असं त्याचं स्पष्टीकरण आज दिलं जातं.

ही सोय समजायला पेशीच्या आवरणापासून सुरुवात करू. हे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं आणि ई जीवनसत्त्व त्यात रुतून बसलेलं असतं. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला फ्री रॅडिकल तिथल्या स्निग्ध रेणूंवर तुटून पडतो, तेव्हा ई जीवनसत्त्व आपला इलेक्ट्रॉन देऊन त्याला शांत करतं. पण आता ते स्वतःच निकामी झालेलं असतं. आवरणालगतच्या पाण्यातलं क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं आणि या व्यवहारात स्वतः रिकामं होतं. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असा हा प्रकार. क जीवनसत्त्वाचं हे रिकामं रूप फार टिकत नाही. वेळेत इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत तर काही मिनिटांतच त्याचे कायमचे तुकडे होऊ लागतात.

इथे लिपोइक ॲसिड येतं. हा आठ कार्बनचा छोटासा रेणू आहे. त्याच्या एका टोकाला एक कडं असतं आणि त्यात गंधकाचे दोन अणू एकमेकांना चिकटलेले असतात. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की हे कडं उघडतं आणि डायहायड्रोलिपोइक ॲसिड तयार होतं. ते दोन इलेक्ट्रॉन दुसऱ्याला दिले की कडं पुन्हा मिटतं. उघडलेलं रूप इलेक्ट्रॉन द्यायला फारच उत्सुक असतं. रसायनशास्त्रात ही उत्सुकता मिलिव्होल्टमध्ये मोजतात आणि आकडा जितका उणे, तितका दाता उदार. पेशीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या अँटीऑक्सिडंटचा, म्हणजे ग्लुटाथायोनचा आकडा सुमारे उणे २४० आहे, तर लिपोइक ॲसिडच्या या दोन रूपांच्या जोडीचा सुमारे उणे ३२०. त्यामुळे ते क जीवनसत्त्वाला तर परत आणतंच, पण वापरून झालेल्या ग्लुटाथायोनलाही इलेक्ट्रॉन देऊ शकतं. शिवाय ते सिस्टीनचं सिस्टेइन करतं आणि सिस्टेइन हा ग्लुटाथायोनचा कच्चा माल. म्हणजे जुनं दुरुस्त होतंच, वर नवंही जास्त बनतं.

लिपोइक ॲसिडच्या गोळ्यांच्या जाहिरातींत गोष्ट इथेच संपते. खरा प्रश्न पुढचा आहे: मिटलेलं कडं पुन्हा उघडायला इलेक्ट्रॉन कुठून येतात? ते देतात पेशीतली एन्झाइम्स. त्यातली काही एनएडीपीएच नावाच्या वाहकाकडून इलेक्ट्रॉन घेतात. मायटोकॉन्ड्रियातलं एक मात्र एनएडीएच या वेगळ्या वाहकाकडून घेतं. दोघांकडचे इलेक्ट्रॉन शेवटी अन्नातूनच आलेले असतात.

मधुमेहात नेमका याच हिशेबात गोंधळ होतो. चेतातंतूंना ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे रक्तात साखर वाढली की तिथेही वाढते. जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करायला अल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम सरसावतं आणि त्यात एनएडीपीएच खर्ची पडतं. नेमकं तेच ग्लुटाथायोनला पुन्हा ताजं करायला हवं असतं. सॉर्बिटॉलचं पुढे फ्रुक्टोज होताना एनएडीएच मात्र तयार होतं. एक गल्ला रिकामा होत असताना लिपोइक ॲसिडला दुसऱ्या गल्ल्यातूनही घेता येतं, म्हणून संशोधकांना ते आकर्षक वाटलं. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने चेतातंतूंना होणारा रक्तपुरवठा आणि त्यांच्यातून संदेश जाण्याचा वेग, दोन्ही सुधारल्याचं दिसलं.

कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकाची देखभाल सगळ्यात अवघड, म्हणून आग, मुंग्या आणि बधिरपणा बहुधा तळपायांपासूनच सुरू होतो.

माणसांवरच्या चाचण्यांपैकी सिडनी २ ही मला सगळ्यात बोलकी वाटते. नाव सिडनी असलं तरी ती रशिया आणि इस्राएलमध्ये झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. १८१ रुग्णांना पाच आठवडे रोज ६००, १२०० किंवा १८०० मिलिग्रॅम लिपोइक ॲसिड, नाहीतर औषध नसलेली गोळी दिली गेली. टोचणाऱ्या वेदना, आग, मुंग्या आणि बधिरपणा या चार तक्रारी किती तीव्र आणि किती वेळा, यावरून गुण दिले. जास्तीत जास्त गुण साधारण साडेचौदा. औषध घेणाऱ्यांचे गुण ४.५ ते ४.९ ने उतरले, नुसती गोळी घेणाऱ्यांचेही २.९ ने उतरले. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा दोनेक गुणांचा. आणि डोस तिप्पट केला तरी फायदा होता तेवढाच राहिला, वाढली ती मळमळ.

डोस वाढवून फायदा का वाढला नाही? माझा तर्क असा, की अडचण रेणूच्या पुरवठ्यात नसावी. तोंडाने घेतलेल्या लिपोइक ॲसिडपैकी साधारण एक तृतीयांशच रक्तात पोहोचतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी कमी, आणि रक्तातली पातळी अर्ध्याएक तासात निम्मी होते. पेशीतलं ग्लुटाथायोन त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. इतक्या थोड्या पाहुण्याने एकट्याने सगळी उधारी फेडावी, हे गणितात बसत नाही. म्हणून आता बरेच अभ्यासक मानतात की ते फ्री रॅडिकल स्वतः टिपण्यापेक्षा एनआरएफ२ या प्रथिनाला जागं करून पेशीलाच जास्त ग्लुटाथायोन बनवायला लावत असावं. परीक्षानळीतलं पुनर्चक्रण खरंच आहे, पण शरीरात त्याचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही.

लांब पल्ल्याचे निकाल तर आणखी सावध करणारे आहेत. नेथन १ या चाचणीत ४६० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांनी चार वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम घेतलं, उरलेल्यांनी औषध नसलेली गोळी. तपासणीतली काही लक्षणं थोडी सुधारली, पण चेतातंतूंच्या मोजमापांसह ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक पडला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२४ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही हाच, की सहा महिन्यांनंतर लक्षणांवर बहुधा नगण्य परिणाम होतो. काही आठवडे शिरेतून दिलेल्या औषधाचे निकाल यापेक्षा उजवे आहेत, पण ते अल्पकाळचे.

मधुमेहाची औषधं चालू असताना याने साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. क्वचित, विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांमध्ये, शरीर इन्सुलिनविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि साखर अचानक खाली जाते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी होऊनही अगदी अशाच मुंग्या येतात, तेव्हा ती तपासणी आधी व्हायला हवी. आणि गोळी सुरू केल्यावर आग कमी झाली, तर ती तंतू सावरल्यामुळे की तंतूच मेल्यामुळे, हे रुग्णाला सांगता येत नाही. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहतात. आग गेली आणि धाग्याचा स्पर्शही कळेनासा झाला, तर दुखणं बरं झालेलं नसून बळावलेलं असतं.