गर्दी कुणाची, भार कुणाचा?

“भारताची लोकसंख्या अमेरिकेच्या चौपट, म्हणजे पृथ्वीवरचा भारही आपलाच जास्त.”

नाही. पर्यावरणीय पाऊलठसा मोजतात जागतिक हेक्टरांत, म्हणजे जगाच्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरांत: आपलं धान्य, लाकूड, चराई, मासे, बांधकाम यांना आणि आपला कार्बन शोषायला लागणारी सुपीक जमीन व पाणी. 2018 च्या आसपास भारतीयाचा ठसा होता सुमारे 1.2 हेक्टर, अमेरिकनाचा 8. त्याला लोकसंख्येने गुणा: 135 कोटी भारतीयांचे झाले साधारण 160 कोटी हेक्टर, पावणेतेहेतीस कोटी अमेरिकनांचे 260 कोटी.

असं का? I = P × A × T, म्हणजे भार = लोकसंख्या × दरडोई उत्पन्न × उत्पन्नाच्या दर डॉलरमागचा ठसा. लोक आपले चौपट. उत्पन्न, खरेदीक्षमता धरून, त्यांच्या एक-नवमांश. आणि दर डॉलरमागचा ठसा मात्र आपला सुमारे 1.4 पट. गुणाकार 0.6 च्या आसपास. थोडक्यात, तंत्रज्ञान अमेरिकेचंच सरस, पण उत्पन्नाने ती बढत खाऊन टाकली. (हा T स्वतंत्रपणे मोजलेला नसतो, भागाकारातून उरलेला असतो, त्यामुळे सूत्र कारण सिद्ध करत नाही, हिशेब मांडतं.)

मग लोकसंख्या बिनमहत्त्वाची? तेही नाही. जैवक्षमता, म्हणजे देशाची जमीन आणि पाणी वर्षाला पुरवू शकतं ते, माणशी वाटली की भारतात जेमतेम 0.4 हेक्टर उरते, अमेरिकेत 3.4 च्या घरात. म्हणून आपल्या क्षमतेच्या तुलनेत आपण तिप्पट खर्चतो, ते सव्वादोन-अडीच पट. तूट दोघांचीही, आणि दोघांच्याही ठशात मोठा वाटा कार्बनचा.