केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाचा वाद : लसीका आणि सूज यांची पार्श्वभूमी

ऊतींमधला द्रव, म्हणजे लसीका, रक्तात परत नेणाऱ्या लसीकावाहिन्या युरोपात सतराव्या शतकात सापडल्या. 1622 मध्ये इटलीत एका जिवंत कुत्र्याच्या विच्छेदनात आतड्याच्या पडद्यावर दुधाळ रेषा दिसल्या आणि 1651 मध्ये छातीतली मुख्य लसीकावाहिनी छापून आली. पुढच्या दोनेक वर्षांत डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या दोन शरीरशास्त्रज्ञांत ‘आधी कुणी पाहिले’ यावरून भांडणही झाले. या वाहिन्यांत द्रव येतो कुठून आणि त्या बंद पडल्या की अंग का सुजते, हे समजायला मात्र फार उशीर लागला. त्यातला सर्वांत महत्त्वाचा उलगडा गेल्या चाळीसेक वर्षांतला आहे आणि शिकवण्याच्या पुस्तकांत तो अजून नीट उतरलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात दोन मते होती. एक म्हणे, रक्ताच्या दाबाने केशवाहिनीच्या भिंतीतून द्रव गाळला जातो आणि तीच लसीका. दुसरे म्हणे, भिंतीच्या पेशी ग्रंथींप्रमाणे लसीका स्रवतात. 1896 मध्ये लंडनमधल्या एका तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या मागच्या पायावर प्रयोग केले. ऊतीत भरलेले मिठाचे पाणी त्या पायातून फिरणारे रक्त शोषून घेते, पण ऊतीत रक्तजल भरले तर ते शोषले जात नाही, असे त्याने दाखवले. निष्कर्ष सरळ होता. रक्तातली प्रथिने सहजी बाहेर जात नाहीत आणि पाण्याला आत धरून ठेवतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, प्रथिनांचा परासरण दाब ते आत ओढतो. हे तत्त्व आजही तसेच टिकून आहे.

घोळ झाला तो या तत्त्वाचे चित्र काढताना. पुढच्या काळात पुस्तकांत एक आकृती रुळली: केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला द्रव बाहेर, शिरेकडच्या टोकाला जवळजवळ सगळा परत आत, आणि उरलेला थोडा लसीकेत. दिवसाला सुमारे 20 लिटर बाहेर आणि त्यातले 16 ते 18 लिटर शिरेकडून परत, असे आकडेही सोबत आले. त्यामुळे लसीकावाहिन्यांकडे उरलेसुरले गोळा करण्याचे दुय्यम काम आले.

हा हिशोब एका गृहीतावर उभा होता. केशवाहिनीबाहेरचा दाब आणि बाहेरच्या द्रवातले प्रथिन, दोन्ही शून्याजवळ धरलेले होते. शिरेकडच्या टोकाला रक्ताचा दाब पाऱ्याचे 15 मिलिमीटर आणि रक्तद्रवातल्या प्रथिनांची ओढ 25 मिलिमीटर घेतली, तर 10 मिलिमीटरच्या जोराने पाणी आत यायलाच हवे. पण 1963 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या त्वचेखाली भोके पाडलेल्या पोकळ कुप्या बसवून, त्या भरून आल्यावर आतला दाब मोजला, तेव्हा तो वातावरणापेक्षा काही मिलिमीटर कमी भरला. पुढे ऊतींमधला द्रव थेट काढून तपासला गेला. त्यात प्रथिने भरपूर निघाली, आणि त्यांची ओढ रक्तद्रवाच्या जवळजवळ निम्मी होती.

आता तोच हिशोब पुन्हा मांडू. बाहेरचा दाब उणे 2 धरला, तर बाहेर ढकलणारा जोर 17 होतो. बाहेरच्या प्रथिनांची ओढ 13 धरली, तर आत ओढणारा जोर 25 वजा 13, म्हणजे 12 च उरतो. ज्या टोकाला द्रव परत यायला हवा, तिथेही 5 मिलिमीटरच्या जोराने तो बाहेरच जायला हवा. आकृतीतला अर्धा बाण उलटा होता.

निर्णायक पुरावा 1987 मध्ये इंग्लंडमधून आला. बेडकाच्या एकेका केशवाहिनीतला दाब एकदम खाली आणला की द्रव आत शोषला जाई. दाब तसाच खाली ठेवला, की काही मिनिटांत शोषण थांबे आणि पुन्हा किंचित गळती सुरू होई. कारण पाणी आत जाते पण बाहेरची प्रथिने मागे राहतात. ती घट्ट होतात आणि पाण्याला बाहेर धरू लागतात. 1896 चा प्रयोगही खोटा नव्हता. त्यात दिसलेले शोषण खरे होते, पण पायात मिठाचे पाणी भरून ती स्थिती तयार केलेली होती. रक्तस्राव झाल्यावर ऊतींतला बराच द्रव रक्तात येतो, तेही असेच, थोडा वेळच.

मग वरच्या हिशोबाप्रमाणे 5 मिलिमीटरचा जोर सतत बाहेर असेल, तर माणूस सुजत का नाही? याचे उत्तर 1990 च्या दशकाअखेर मांडले गेले. केशवाहिनीच्या आतल्या बाजूला साखरयुक्त रेणूंचा एक पातळ थर असतो आणि प्रथिने तिथेच अडतात. ओढाताण होते ती रक्तद्रव आणि या थराच्या लगेच खालच्या चिंचोळ्या फटी यांच्यात. बाहेर निघणारा द्रव त्या फटी सतत धुऊन काढतो, त्यामुळे तिथले प्रथिन ऊतीतल्यापेक्षा विरळ राहते. म्हणून प्रत्यक्ष जोर जवळजवळ शून्य, पण सतत बाहेरच्या दिशेचा असतो. मूत्रपिंडाच्या नलिकांभोवतीच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या केशवाहिन्या याला अपवाद आहेत. तिथे शेजारच्या पेशी सतत ताजे पाणी आणून देतात, त्यामुळे शोषण टिकते.

याचा सरळ अर्थ असा, की बहुतेक ऊतींतून बाहेर पडलेला द्रव परतायला लसीकेशिवाय वाट नाही. आजच्या अंदाजाने दिवसाला सुमारे 8 लिटर द्रव लसीकावाहिन्यांत शिरतो. त्यातला साधारण निम्मा लसीकागाठींमध्येच रक्तात जातो, म्हणून छातीतल्या मुख्य वाहिनीत मोजले की 4 लिटरच्या आसपासच दिसतो. रक्तद्रव एकूण 3 लिटर असतो, म्हणजे नऊ तासांत तो सगळा एकदा बाहेर जाऊन येतो.

ही वाट चालते कशी? सुरुवातीच्या लसीकावाहिनीत भिंतीच्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी ऊतीला बांधलेल्या असतात. ऊतीत द्रव वाढला की तंतू ताणले जातात आणि कडा उघडतात. पुढच्या वाहिन्यांत झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतःच आकुंचन पावतो आणि जास्त भरला की जास्त वेगाने.

सूज टळते ती यामुळेच. केशवाहिनीतला दाब वाढला, उदाहरणार्थ हृदय कमजोर झाल्यावर, तरी पहिले 17 मिलिमीटर पचवले जातात असा जुना, अजूनही वापरला जाणारा अंदाज आहे. ऊतीतला उणे दाब शून्यावर येईपर्यंत 3, लसीकेचा ओघ कित्येक पट वाढल्याने 7, आणि त्या ओघात ऊतीतले प्रथिन धुतले जाऊन ओढ घटल्याने आणखी 7. सतरापैकी चौदा लसीकेमुळे, हे माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके गणित आहे.

कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यावर हाताचे हेच चौदा कमी पडतात. तिथे प्रथिन धुतले जात नाही, साचते. सूज सुरुवातीला बोटाने दाबली की खळगा पडतो, पण काळाने चरबी आणि तंतू वाढून ती कडक होते आणि खळगा पडेनासा होतो. पायाच्या सुजेत दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची घडी चिमटीत धरता आली नाही, तर लसीकेचा अडथळा धरून चालतात. इथे लघवी वाढवणारी औषधे फारशी लागू पडत नाहीत, कारण ती पाणी काढतात, प्रथिन तिथेच ठेवतात. दाबपट्ट्या आणि हालचाल यांचा उपयोग होतो.

अल्ब्युमिन या रक्तद्रवातल्या मुख्य प्रथिनाचा वादही याच धाग्यातला. रक्तात अल्ब्युमिन सोडले की ऊतींतले पाणी परत खेचले जाईल, ही समजूत जुन्या आकृतीतून आली होती आणि मिठाचे पाणी तिप्पट लागेल असे सांगितले जाई. 2004 मध्ये छापलेल्या, जवळपास सात हजार अतिदक्षता रुग्णांच्या चाचणीत हे प्रमाण 1 ला साधारण 1.4 एवढेच निघाले, आणि 28 दिवसांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही.